एका महिन्याचं तासिका बिल : २४८०, २९०० की २६८०?

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मॅडमचं जुलै २०२५ चं बिल आमच्या लेखा विभागातून २४८० चं निघालं. दोन दिवसांनी मॅडम वही घेऊन आल्या. त्यांच्या हिशोबाने ते २९०० व्हायला हवं होतं. तारखा लावून मोजल्यावर आकडा २६८० निघाला, म्हणजे आम्ही चुकलो होतो आणि मॅडमही. हे बिल मी कसं उलगडलं ते सविस्तर लिहितो, कारण तासांवर मानधन आणि दर आठवड्याला बदलणारं वेळापत्रक जिथे एकत्र येतं, तिथे याच चुका पुन्हा पुन्हा होताना मी पाहिल्या आहेत.

आधी दरांबद्दल. खरे दर इथे देण्याची गरज नाही. थिअरीच्या एका तासिकेला १०० आणि प्रात्यक्षिकाच्या एका तासाला ६० धरू, म्हणजे फरक चटकन दिसेल. प्रात्यक्षिक एकदा लागलं की दोन तासांचं, त्यामुळे एका प्रात्यक्षिकाचे १२०. मॅडमना आठवड्याला थिअरीच्या पाच तासिका आणि एक प्रात्यक्षिक दिलेलं होतं. आठवड्याचे झाले ६२०.

आमच्याकडे चालत आलेली पद्धत सरळ होती: ६२० गुणिले चार, झाले २४८०. वेळापत्रक महिन्यात दोनदा बदललं होतं हे बिल करणाऱ्याला ठाऊक होतं, पण तिन्ही वेळापत्रकांत मॅडमचा आठवड्याचा भार तोच होता, पाच तासिका आणि एक प्रात्यक्षिक. मग महिन्याच्या बेरजेत फरक पडायचं कारणच काय, असं त्याला वाटलं. वरवर पाहिलं तर हे पटण्यासारखं आहे, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

महिना आठवड्यांचा बनलेला नसतो. फेब्रुवारीचे २८ दिवस सोडले तर कुठल्याही महिन्यात चार पूर्ण आठवडे आणि वर दोन किंवा तीन दिवस असतात (लीप वर्षातल्या फेब्रुवारीत एक). हे वरचे दिवस कोणत्या वारांचे आहेत यावर बिल ठरतं. जुलै २०२५ मंगळवारी सुरू झाला आणि ३१ दिवसांचा होता, त्यामुळे मंगळवार, बुधवार आणि गुरुवार पाच-पाच वेळा आले, बाकीचे वार चार-चार वेळा. एखाद्याच्या सगळ्या तासिका सोमवारी आणि शुक्रवारी असतील तर त्याला हा महिना चार आठवड्यांचा आहे. मंगळवारी आणि गुरुवारी असतील तर पाच आठवड्यांचा. आठवड्याचा भार दोघांचा सारखा असूनही बिलं वेगळी होणार, आणि ती वेगळीच व्हायला हवीत.

मॅडमची तीन वेळापत्रकं अशी होती. शनिवार-रविवार सुट्टी.

| वेळापत्रक | थिअरी | प्रात्यक्षिक (२ तास) |
|---|---|---|
| पहिलं | मंगळ २, गुरू २, शुक्र १ | बुध |
| दुसरं | सोम २, बुध २, गुरू १ | शुक्र |
| तिसरं | सोम २, मंगळ १, शुक्र २ | बुध |

यातलं एकच वेळापत्रक पूर्ण जुलैभर चाललं असतं असं धरून पाहा. पहिल्याने थिअरीच्या २४ तासिका आणि प्रात्यक्षिकाचे १० तास होतात, म्हणजे ३०००. दुसऱ्याने २३ तासिका आणि ८ तास, २७८०. तिसऱ्याने २१ तासिका आणि १० तास, २७००. आठवड्याचा भार तोच, महिना तोच, शिक्षक तोच, तरी तीनशेचा फरक. यातला एकही आकडा २४८० च्या जवळपासही नाही. चारने गुणण्याची पद्धत या महिन्यात यातल्या कुठल्याही वेळापत्रकाला कमीच देणार होती. सगळ्या तासिका फक्त सोमवारी आणि शुक्रवारी असणाऱ्यालाच ती पुरली असती.

आता खरं काम, म्हणजे कोणतं वेळापत्रक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चाललं हे ठरवणं. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि खोट कुठे होती तेही इथेच कळलं. वेळापत्रक ज्या फाइलमध्ये होतं त्याच फाइलमध्ये प्रत्येक वेळी नवं वेळापत्रक भरून ती सेव्ह केलेली. जुनं पुसलं गेलेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला बिल करायला बसलेल्या माणसापुढे फक्त तिसरं वेळापत्रक होतं. पहिल्या दोन वेळापत्रकांची नोंद ऑफिसात कुठेच नव्हती.

शेवटी ती सापडली सूचना फलकावर. नवं वेळापत्रक लावताना जुना कागद कोणी काढलाच नव्हता. त्याच टाचणीखाली तीन कागद एकावर एक होते, सगळ्यात खालच्याचे कोपरे पिवळे पडलेले. पहिल्या कागदावर ३० जूनपासून, दुसऱ्यावर १४ जुलैपासून आणि तिसऱ्यावर २१ जुलैपासून लागू असं छापलेलं. मी सुटकेचा श्वास टाकला, पण तो थोडा लवकरच.

तिसरं वेळापत्रक २१ ला लागू झालं असं धरलं तर मंगळवारी, २२ तारखेला मॅडमची एक तासिका येते. मॅडमच्या वहीत २२ तारीख कोरी. मी त्या तुकडीचं हजेरी रजिस्टर काढलं. २२ ला त्या तासाला दुसऱ्याच शिक्षकांची सही होती, जुन्या वेळापत्रकाप्रमाणे. विभागात विचारल्यावर कळलं की कागद २१ ची तारीख घालून छापला, पण फलकावर लागला २२ ला संध्याकाळी, आणि वर्ग बदलले बुधवारी २३ ला. कागदावरची तारीख आणि प्रत्यक्ष अंमलाची तारीख यांत दोन दिवसांचं अंतर, आणि त्यात एका तासिकेचं मानधन. म्हणून माझं ठाम मत आहे की वेळापत्रकाच्या फाइलमध्ये ‘पासून’ या रकान्यात वर्गात ते ज्या दिवशी सुरू झालं तीच तारीख असावी, आणि ती वर्गाच्या रजिस्टरवरून पडताळलेली असावी.

मग नियोजित तासिका मोजल्या. १ ते १३ जुलै पहिल्या वेळापत्रकाने: १ आणि ८ ला दोन-दोन, ३ आणि १० ला दोन-दोन, ४ आणि ११ ला एक-एक, मिळून दहा. प्रात्यक्षिकं २ आणि ९ ला, चार तास. १४ ते २२ दुसऱ्या वेळापत्रकाने: १४ आणि २१ ला दोन-दोन, १६ ला दोन, १७ ला एक, मिळून सात. १८ ला प्रात्यक्षिक, दोन तास. २३ ते ३१ तिसऱ्याने: २५ ला दोन, २८ ला दोन, २९ ला एक, मिळून पाच. २३ आणि ३० ला प्रात्यक्षिक, चार तास. एकूण थिअरी २२, प्रात्यक्षिक १० तास. नियोजित रक्कम २८००.

एक गोष्ट इथे डोळ्यांत भरते. २१ ते २५ या आठवड्यात मॅडमच्या वाट्याला थिअरीच्या पाच नाही, चारच तासिका आल्या. दुसऱ्या वेळापत्रकातली गुरुवारची तासिका २४ ला यायच्या आधीच ते वेळापत्रक संपलं, आणि तिसऱ्यातली मंगळवारची तासिका २२ ला होती, ती सुरू व्हायच्या आधीच निघून गेली. आठवड्याच्या मध्यात वेळापत्रक बदललं की कोणाची तरी तासिका अशी दोन वेळापत्रकांच्या फटीत पडते, आणि दुसऱ्या कोणाला तरी जास्तीची मिळते. यात कोणाची लबाडी नसते. पण शिक्षकाला वाटतं ऑफिसने एक तासिका कापली, आणि ऑफिसला उत्तर देता येत नाही, कारण जुना कागद त्यांच्याकडे नसतो. शक्य असेल तर बदल सोमवारपासूनच करावा. हे आमच्या प्राचार्यांनीही मान्य केलं.

नियोजित तासिका म्हणजे अजून बिल नव्हे. त्या महिन्यात झालेले बदल यावर चढवायचे होते. ११ तारखेला संस्था बंद राहिली, एक तासिका गेली. १६ ला मॅडम रजेवर होत्या, दोन गेल्या. त्या दोन त्यांनी १९ ला, शनिवारी, भरून काढल्या. १० ला एका सहकाऱ्याच्या जागी त्यांनी एक जादा तासिका घेतली. १७ ला वेगळाच प्रकार झाला, त्याबद्दल पुढे. ३० चं प्रात्यक्षिक उपकरणं नादुरुस्त असल्याने झालं नाही, ते १ ऑगस्टला झालं.

मॅडमच्या वहीशी हे ताडून पाहिलं तेव्हा त्यांची बेरीज कुठे वाढली ते दिसलं. वहीत ३० जुलैसमोर ‘प्रॅक्टिकल’ असं लिहिलेलं, पेनाने, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘शुक्रवारी घेतलं’.

“मॅडम, हा शुक्रवार म्हणजे १ ऑगस्ट ना?” मी विचारलं.

“हो, पण काम जुलैचंच होतं ना,” त्या म्हणाल्या. “जुलैचं राहिलेलं मी भरून दिलं.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भरून काढलेली तासिका कोणत्या महिन्याची, जिच्याऐवजी घेतली तिची की ज्या दिवशी घेतली त्या दिवसाची, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. मी कायम दुसरा पर्याय धरतो: ज्या तारखेला घेतली त्या महिन्यात मोजायची. कारण जुलैचं बिल १ किंवा २ ऑगस्टला बंद करायचं असतं, आणि जुलैची राहिलेली तासिका १२ ऑगस्टला भरली जाणार असेल तर पहिल्या पद्धतीत जुलै कधीच बंद होत नाही. शिवाय दोन्ही पद्धती मिसळल्या तर तीच तासिका एकदा जुलैत आणि एकदा ऑगस्टमध्ये निघते, आणि ते वर्षअखेरीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. पैसे मॅडमचेच होते, ते १२० ऑगस्टच्या बिलात मिळणार होते, हे दाखवल्यावर त्यांनी ते लगेच मान्य केलं.

दुसरी वाढ २९ तारखेची. त्या दिवशी दोन तुकड्या एका वर्गात बसवून एकच तासिका झाली. दोन्ही तुकड्यांच्या रजिस्टरवर मॅडमची सही आहे, आणि मॅडम आपली वही त्या रजिस्टरवरून भरत होत्या. त्यामुळे २९ ला त्यांच्याकडे दोन तासिका पडल्या. ही चूक ऑफिसातही तितकीच होते, कारण रजिस्टर तुकडीचं असतं आणि मानधन शिक्षकाचं. तुकडीवार रजिस्टरवरून शिक्षकाचं बिल बांधायचं असेल तर मोजायचं एकक ‘तारीख, शिक्षक, तास क्रमांक’ असायला हवं, तुकडी नव्हे. एका शिक्षकाला एका तासात दोन ठिकाणी शिकवता येत नाही, हीच सगळ्यात चांगली तपासणी.

आणि १७ तारीख. मॅडम वेळेवर आल्या, तर मुलं अंतर्गत परीक्षेला बसलेली. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. तासिका झाली नाही हे खरं, पण मॅडम आल्या होत्या आणि त्यांचा अर्धा दिवस गेला होता. नेमणूकपत्रात ‘प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांचे मानधन’ एवढंच लिहिलेलं. शब्द धरून चाललं तर शून्य. मला ते पटत नव्हतं आणि आजही पटत नाही: रद्द झाल्याचं कळवणं संस्थेच्या हातात असताना न कळवल्याचा भुर्दंड शिक्षकाने का सोसावा? मी टिपण लिहून प्राचार्यांकडे पाठवलं. त्यांनी ही तासिका देय धरली. पण ती ‘झाली’ म्हणून लिहू नका, असं मी स्वतःच त्यात म्हटलं होतं. अभ्यासक्रम किती झाला हे मोजताना ती तासिका झालेली नाही. बिलात आहे, शिकवण्यात नाही. या दोन्ही गोष्टी एकाच खुणेने दाखवल्या की पुढे दोन्हींचा हिशोब बिघडतो. म्हणून आता आमच्याकडे तीन खुणा आहेत: झाली, झाली नाही, आणि आले पण झाली नाही.

आता बेरीज. थिअरी २२ नियोजित; ११ ची एक, १६ च्या दोन आणि १७ ची एक वजा, म्हणजे १८; १० ची एक आणि १९ च्या दोन जमा, म्हणजे २१ झाल्या. १७ ची देय धरून २२. प्रात्यक्षिक १० तासांतून ३० चे दोन वजा, ८ तास. २२०० आणि ४८०, मिळून २६८०. मॅडमची मागणी होती थिअरी २३ आणि प्रात्यक्षिक १० तास, म्हणजे २९००. त्यातून २९ ची दुहेरी नोंद गेली आणि प्रात्यक्षिक ऑगस्टला गेलं की २६८० च उरतात. दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी मोजून एकाच आकड्यावर येणं, याशिवाय मी बिलावर सही करत नाही. वेळापत्रकावरून खाली येणारा हिशोब आणि वहीवरून वर येणारा हिशोब जुळले नाहीत, तर फरक एकेका तारखेपर्यंत नेऊन ठेवता आला पाहिजे.

याच टप्प्यावर एक सहकारी म्हणाले, “एवढं कशाला? ४.३३ ने गुणलं असतं तर हेच आलं असतं.” ६२० गुणिले ४.३३ म्हणजे २६८५. पाचचा फरक. हे ऐकून क्षणभर मीही थबकलो.

४.३३ कुठून येतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. वर्षाचे ५२ आठवडे भागिले १२ महिने. ही वर्षाची सरासरी आहे. सुट्ट्या नाहीत, परीक्षा नाहीत, वर्षभर तोच भार, अशा ठिकाणी बारा महिन्यांची मिळून बेरीज ती बऱ्यापैकी बरोबर देईल. एकट्या महिन्याबद्दल ती काहीच सांगत नाही. जुलैत ती जवळ आली कारण वाढलेल्या वारांची भर आणि बुडालेल्या तासिकांची घट एकमेकांना खाऊन गेली. ऑगस्टमध्ये तिसरंच वेळापत्रक राहिलं, पण ११ ते २९ परीक्षा होत्या आणि वर्ग बंद. मॅडमच्या तासिका १, ४, ५ आणि ८ तारखेच्या मिळून सात, ६ ला एक प्रात्यक्षिक, आणि १ ला जुलैचं राहिलेलं एक प्रात्यक्षिक. ७०० आणि २४०, एकूण ९४०. ४.३३ ने तिथेही २६८५ च काढले असते. लागोपाठच्या दोन महिन्यांत तासिका शिक्षकाचं बिल हुबेहूब सारखं आलं, तर मी आता ते बिल आधी संशयाने पाहतो. बदलत्या वेळापत्रकात तसं होणं दुर्मीळ असतं. बहुतेक वेळा कोणीतरी गुणाकार केलेला असतो.

ही सगळी मोजदाद आता आम्ही स्प्रेडशीटमध्ये करतो. रचना मुद्दाम साधी ठेवली आहे. एका शीटमध्ये वेळापत्रकं, प्रत्येक ओळीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. नवी ओळ घालायच्या आधी जुन्या ओळीचं ‘पर्यंत’ भरायचं, जुनी ओळ पुसायची नाही. दुसऱ्या शीटमध्ये तारखेनिहाय नोंदी, एका तासिकेला एक ओळ: A तारीख, B शिक्षकाचा क्रमांक, C तास क्रमांक, D प्रकार, E तास, F खूण. प्रात्यक्षिकाची ओळ एकच, E मध्ये २. महिन्याची बेरीज या दुसऱ्या शीटवरूनच होते, वेळापत्रकावरून कधीच नाही. K1 मध्ये महिन्याची पहिली तारीख टाकली की:

```
=SUMIFS(E:E, B:B,"V07", D:D,"T", F:F,"H", A:A,">="&K1, A:A,"<"&EDATE(K1,1))
```

‘V07’ हा शिक्षकाचा क्रमांक, ‘T’ म्हणजे थिअरी, ‘H’ म्हणजे झाली. ‘आले पण झाली नाही’ची बेरीज याच सूत्राने वेगळ्या खुणेवर काढून वेगळ्या ओळीत दाखवतो. अक्षरी खुणा ठेवायचं कारण असं की एकाने ‘थिअरी’ आणि दुसऱ्याने ‘थियरी’ लिहिलं की सूत्र एकाला मोजतं, दुसऱ्याला सोडतं, आणि चूक झाल्याचं कुठेही दाखवत नाही.

शेवटच्या अटीकडे बारकाईने पाहा. पूर्वी मी तिथे महिन्याची अखेरची तारीख घेऊन `"<="&EOMONTH(K1,0)` असं लिहीत असे. मोबाइलवरच्या फॉर्ममधून नोंदी येऊ लागल्या तेव्हा तारखेसोबत वेळही येऊ लागली. शीट नुसती तारीख म्हणजे तो दिवस सुरू होतानाची मध्यरात्र धरतं; ३१ जुलै दुपारी दोनची नोंद त्याच्या पुढची असते, म्हणून ती ‘३१ पर्यंत’ या अटीत बसत नाही आणि महिन्याचा शेवटचा दिवस गुपचूप गळतो. ‘पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आत’ असं लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही. तशीच दुसरी गळती मजकूर म्हणून आलेल्या तारखांची. दिसायला तारीख, पण शीटच्या लेखी तो नुसता मजकूर, त्यामुळे बेरजेत धरला जात नाही. `COUNT(A:A)` आणि `COUNTA(A:A)` यांच्यात शीर्षकाच्या एका ओळीपेक्षा जास्त फरक दिसला की अशा तारखा आहेत असं समजायचं.

आणि २९ तारखेसारख्या दुहेरी नोंदीसाठी प्रत्येक ओळीशेजारी हे:

```
=COUNTIFS(A:A,A2, B:B,B2, C:C,C2)
```

उत्तर एकपेक्षा जास्त आलं की ती ओळ थांबवायची आणि विचारायचं. तारखेसोबत वेळ येत असेल तर मात्र हे सूत्र फसतं, कारण दोन नोंदींच्या वेळा वेगळ्या असतात. आधी `INT` लावून निव्वळ तारीख वेगळ्या रकान्यात काढावी लागते.

सूत्रांपेक्षा जास्त उपयोग झाला तो दर शुक्रवारच्या सहीचा. आठवड्याच्या नोंदींचा एक कागद छापून शिक्षकांकडे जातो. झालेल्या, न झालेल्या, भरून काढलेल्या तासिका त्यावर तारखेसह असतात, आणि ते पाहून सही करतात. १७ तारखेला काय झालं हे १८ ला सगळ्यांना आठवतं. ४ ऑगस्टला मॅडमना स्वतःलाही आठवायला वहीची पानं उलटावी लागली. तासिकेची लांबीही त्या कागदाच्या माथ्यावर लिहिलेली असते. दर घड्याळी तासाला ठरलेला असेल आणि तासिका ४८ मिनिटांची असेल, तर पाच तासिका मिळून चारच तास होतात, आणि हे बिलाच्या दिवशी कळलं तर भांडण ठरलेलं.

या पद्धतीने आकडे बरोबर येतात, पण एक दुखणं तसंच राहतं. मॅडमना जुलैत २६८० आणि ऑगस्टमध्ये ९४० मिळाले. दोन्ही बरोबर, आणि तरीही ऑगस्टचं बिल त्यांच्या हातात देताना मला फार वाईट वाटलं. माणसाचे खर्च दर महिन्याला येतात, तासिका तशा येत नाहीत. आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे: सत्राच्या सुरुवातीला नियोजित तासिका मोजून त्याच्या साधारण तीन-चतुर्थांश रक्कम सत्राच्या महिन्यांत समान वाटून उचल म्हणून द्यायची, तारखेनिहाय नोंदी चालूच ठेवायच्या, आणि सत्र संपताना फरक चुकता करायचा. पूर्ण रक्कम वाटायची नाही, कारण तासिका बुडाल्या तर शेवटी शिक्षकाकडून वसुली करायची वेळ येते, आणि ती कोणालाच नको असते. प्राचार्यांनी अजून होकार दिलेला नाही. उचल देताना ती कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायची, हा त्यांचा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी शोधतो आहे.

जुलैचं २०० चं पूरक बिल १२ ऑगस्टला निघालं. त्याला तीनही वेळापत्रकांच्या प्रती जोडल्या आहेत, टाचणीच्या भोकांसकट.